पाहुण्यांसाठीच्या पानावर गाडीभाडं आणि बाजारभाव कसे लिहिता? अनुभव सांगा

ओसरी: आमच्या होमस्टेच्या पुस्तिकेत बाजार आणि प्रवासाचं पान नव्याने लिहायचंय. 'वाजवी दर' लिहिले की पाहुणे तो आकडा दाखवून भांडतात, न लिहावेत तर लुबाडले जातात. तुम्ही काय करता?

जुनाखांब: एकच आकडा कधीच लिहू नका. दर पाहुणा आला की त्याने स्टेशनपासून किती दिले ते विचारून मी वहीत टिपतो. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी सोडून मधला पट्टा पानावर जातो. त्याच्यापुढे चार गोष्टी हव्यातच: भाडं माणशी की पूर्ण गाडीचं, सामान धरून की वेगळं, रात्रीचं किती आणि हे कुठल्या महिन्यात लिहिलं. आमच्याकडे बहुतेक भांडणं पहिल्या मुद्द्यावरून व्हायची. ड्रायव्हर माणशी सांगतो, पाहुणा गाडीचं समजून बसतो. लागोपाठ तिघा-चौघांनी पट्ट्याच्या वर दिले, तर ड्रायव्हर लबाड नाहीत, दर चढलाय. पान बदला.

सरळमार्गी: एवढा खटाटोप कशाला? सरकारी मीटरचा दर लावा, विषय संपला.

जुनाखांब: गावात मीटर चालतो तिथे बरोबर आहे. पण घर गावाबाहेर असेल तर परतीचं भाडं मिळत नाही, म्हणून ड्रायव्हर रिकाम्या फेरीचेही पैसे धरतो. पानावर हे कारण एका ओळीत लिहिलं की पाहुण्याला फसवल्यासारखं वाटत नाही. अंतर किती किलोमीटर तेही द्या.

भटकी_मी: मी पाहुणी म्हणून विचारते, घासाघीस करताना सुरुवात निम्म्यापासून करावी का?

ओसरी: ताई, प्रश्न पान लिहिण्याचा आहे. पण बरं झालं विचारलंत. कुठल्या दुकानात भाव ठरलेले आणि कुठे घासाघीस चालते, हे लिहायलाच हवं.

माळ्यावरची: भाजीचा भाव किलोचा, जुडीचा की नगाचा, हेही लिहा. आमच्याकडची मोठी अडचण मात्र वेगळी. नकाशातली खूण मागच्या बोळात पडते, तिथे दिवे नाहीत. म्हणून स्थानिक लिपीतला पत्ता आणि ठळक खूण छापलेलं कार्ड देते. फोन बंद पडला तरी ते ड्रायव्हरला दाखवता येतं. शेवटच्या बसची वेळ बाजाराकडून घरी येणारीची लिहिते, जाणारीची नाही. आपत्कालीन नंबर पानाच्या तळाशी नको, वरच हवा. आणि घरून लावून बघा, काही खोल्यांत रेंजच नसते.

ओसरी: ओळखीच्या ड्रायव्हरचा नंबर देता का?

जुनाखांब: देतो, त्याला विचारून. दोघांचे देतो, एकाचाच दिला तर स्टँडवरचे बाकीचे नाराज होतात.

माळ्यावरची: मी देत नाही. काही बिघडलं तर पाहुणे आपल्यालाच जबाबदार धरतात.