मदत हवी आहे: कॅलिब्रेशन कर्व्ह वर जाऊन वाकतोय, उद्या गाइडना दाखवायचाय!

गोंधळलेली: तीनदा नव्याने स्टँडर्ड केले, तरी तेच. 1, 2, 4, 6, 8, 10 पीपीएमला 0.247, 0.491, 0.963, 1.385, 1.703, 1.885. आर-स्क्वेअर 0.978. गाइडना 0.999 हवाय. काय चुकतंय? लवकर सांगा.

लॅबवाले काका: कशाचे पीपीएम? वेव्हलेंग्थ कुठली? क्युव्हेट काचेची की क्वार्ट्झची?

गोंधळलेली: अहो, नायट्रेट-नायट्रोजन, 220 नॅनोमीटर. क्वार्ट्झ, 1 सेंमी.

मी_पवईकर: कॉन्सन्ट्रेशन वाढलं की बीअरचा नियम मोडतोच. एक्सेलमध्ये पॉलिनॉमियल ट्रेंडलाइन टाक, काम झालं.

लॅबवाले काका: पवईकर, 10 पीपीएम म्हणजे एक मिलिमोलरसुद्धा नाही, एवढ्यात नियम मोडत नाही. आकडे बघा: 4 पीपीएमपर्यंत दर पीपीएमला साधारण 0.24 वाढतंय, 8 ते 10 मध्ये मात्र दोन पीपीएमला जेमतेम 0.18. रीडिंग 2.0 च्या छताला डोकं टेकवतंय. हा स्ट्रे लाइट वाटतो. डिटेक्टरवर 1 टक्का भलता प्रकाश पडत असेल, तर सोल्यूशन कितीही गडद केलं तरी मशीन 2 च्या वर जात नाही.
गोंधळलेली, 100 मिलीत 1 ग्रॅम सोडियम आयोडाइड विरघळव, ब्लँक डिस्टिल्ड वॉटर, 220 ला टक्के ट्रान्समिटन्स वाच. त्यातून 220 चा प्रकाश जातच नाही. जे दिसेल तो स्ट्रे लाइट.

सुमाताई_ठाणे: आमच्या सोसायटीच्या बोअरवेलला नायट्रेट 40 आलंय. आरओ लावू का?

मी_पवईकर: ताई, 40 नायट्रेट म्हणून की नायट्रोजन म्हणून? मर्यादा 45 आहे, पण ती नायट्रेट म्हणून. नायट्रोजनमध्ये साधारण 10.
काका, पण पॉलिनॉमियल चुकीचं कसं? छान बसतंय की.

लॅबवाले काका: बसेल हो. दिवा अजून म्हातारा झाला की छत खाली येईल, तुमचं समीकरण जुनंच राहील. शिवाय 8 ते 10 मध्ये रीडिंग 0.01 ने हललं, तरी उत्तर 0.1 पीपीएमने हलतं.

गोंधळलेली: आयोडाइड केलं. 1.0 टक्के!! पण दोष केमिकलचा नाही हे गाइडना कसं पटवू?

लॅबवाले काका: 5 मिमीची क्युव्हेट मिळव. 8 पीपीएमचं तेच सोल्यूशन त्यात 0.96 च्या आसपास आलं, तर दोष मशीनचा. 0.85 आलं, तर सोल्यूशनचा. पाणी घालून हा फरक कळत नाही, कारण त्यात कॉन्सन्ट्रेशनही बदलतं. आणि सॅम्पल डायल्यूट करून 4 च्या आत आण, कर्व्हही तिथेच थांबव.

मी_पवईकर: क्युव्हेट प्रिन्सेस स्ट्रीटला बघ. आमच्याकडे पावसाळ्यात आरशांवर बुरशी आली होती, तेच असणार.

लॅबवाले काका: ड्युटेरियम दिवा किती तास जळलाय?

गोंधळलेली: लॉगबुक कुणी भरतच नाही...