हळदीकुंकवाचं बोलावणं तुम्ही कसं करता? अनुभव लिहा

ठाणेकरीण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आता बहुतेक घरांतून व्हॉट्सअ‍ॅपवरच जातं. त्यात वेळ कशी लिहायची, कपड्यांबद्दल काही सांगायचं का, आणि ‘येणार असाल तर कळवा’ हे कसं म्हणायचं, याची प्रत्येकीची रीत निराळी असते. तुमच्याकडे काय लिहिलं आणि मग प्रत्यक्षात काय झालं, ते सविस्तर सांगा. सुरुवात मी करते.

२०२६ ला संक्रांत १४ जानेवारीला, बुधवारी आली आणि रथसप्तमी २५ ला, रविवारी. १५ ला किंक्रांत. त्या दिवशी आमच्याकडे कुणी हळदीकुंकू करत नाही. मधला रविवार १८ तारखेचा, तर त्या दिवशी नेमकी पौष अमावास्या. म्हणजे नोकरी करणाऱ्या बायकांना १७, २४ आणि २५ एवढेच दिवस उरले. आमच्या इमारतीत पाच घरांनी २५ तारीख धरली आणि पाचही घरांतून ‘सायंकाळी ५ ते ८’ असा निरोप गेला. म्हणजे पाचहीजणी आपापल्या घरी करंडा घेऊन बसणार, आणि एकमेकींकडे जायचं कुणी?

सातव्या मजल्यावरच्या वहिनींनी आम्हाला एकत्र बसवलं. पाच निरोप मागे घेतले आणि एकच लिहिला:

“मैत्रिणींनो, रविवारी २५ तारखेला, रथसप्तमीला, आपल्या विंगमध्ये पाच घरी हळदीकुंकू आहे. ५ वाजता ७०२ पासून सुरुवात, मग ५०४, ४०१, २०३ आणि शेवटी १०२. प्रत्येक घरी साधारण अर्धा तास. ज्यांना उशीर होईल त्यांनी थेट १०२ मध्ये यावं, पाचही घरचं वाण तिथे ९ वाजेपर्यंत असेल. काळी साडी किंवा काळा ड्रेस असेल तर छानच, पण कामावरून थेट आलात तरी तशाच या. घरातून किती जणी येणार ते शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगा, म्हणजे वाणाचा अंदाज येईल. सांगायचं राहिलं तरी यायचं राहू देऊ नका.”

‘येणार का’ असं न विचारता ‘किती जणी’ असं विचारल्याचा खूप उपयोग झाला. एका घरातून सासूबाई, सून आणि सुट्टीला आलेली नणंद अशा तिघी येतात आणि उत्तर मात्र ‘हो, येते’ एवढंच मिळतं. वाण कमी पडतं ते तिथेच.

पेठेतली काकू

शेवटचं वाक्य फार आवडलं. हळदीकुंकवाचं दार उघडं असतं, नाव नोंदवून येण्याचा हा कार्यक्रम नाही. आमच्या वाड्यात घरातली मुलगी बोलावणं करायला फिरायची. “आज आमच्याकडे हळदीकुंकू आहे, आईने सगळ्यांना बोलावलंय,” एवढंच म्हणायची. वेळ सांगायची गरजच नसायची. दिवेलागणीला बायका बाहेर पडायच्या आणि ओळीने सगळी घरं करून परतायच्या.

आता वेळ लिहावी लागते, तर ती पोहोचण्याची लिहावी, कार्यक्रम सुरू होण्याची नव्हे. “५ वाजता हळदीकुंकू” असं लिहिलं की साडेपाचला निघणारी बाई ‘आता उशीर झाला’ म्हणून घरीच बसते. “५ ते ८ मध्ये केव्हाही” लिहिलं तर बहुतेकजणी सातलाच येतात. मग दारात चपलांचा ढीग, आत उभं राहायला जागा नाही, आणि अत्तर लावणारी, गुलाबपाणी शिंपडणारी, ओटी भरणारी अशा तिघीही अडून राहतात. मी दोन वेळा देते. इमारतीतल्यांना ५ ते ६, लांबून येणाऱ्यांना ६.३० नंतर. निरोपही दोन वेगळे. एकच निरोप सगळीकडे पाठवला तर लांबची बाई जवळच्यांची वेळ वाचते आणि गोंधळ होतो.

डोंबिवलीची सून

यंदा एवढी घाई कशी झाली तेच कळलं नाही. रथसप्तमी फेब्रुवारीतच येते ना? आम्ही आरामात १ फेब्रुवारीच्या रविवारी ठेवलं होतं. निरोप गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, रथसप्तमी होऊन गेलेली असेल. मग फोन करून सगळ्यांना तारीख बदलून सांगितली.

पेठेतली काकू

बऱ्याचदा फेब्रुवारीत येते, पण नेहमी नाही. संक्रांत सूर्यावर चालते म्हणून १४ किंवा १५ जानेवारी सोडत नाही. रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, ती चंद्रावर चालते. २०२४ ला ती १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे महिनाभर हळदीकुंकू. २०२५ ला ४ फेब्रुवारी, २०२६ ला २५ जानेवारी. दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा लांब जाते. २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे २०२७ ची रथसप्तमी १३ फेब्रुवारीला आहे. कॅलेंडर उघडून आधी ती तारीख पाहायची, मगच हॉल आणि वाण.

नाशिकचा प्रसादवाला

आमच्याकडे हळदीकुंकू आई बघते, मी सत्यनारायणाच्या पूजेचं सांगतो. बोलावण्याचा प्रश्न तिथेही हाच आहे. पूर्वी आम्ही “सकाळी १०.३० वाजता श्रीसत्यनारायणाची पूजा, तीर्थप्रसादास यावे” असं लिहायचो. दहा-साडेदहाला येणारे शेजारी पोथी वाचून होईपर्यंत अवघडून बसायचे, आणि ज्यांना फक्त प्रसादाला यायचं असायचं त्यांना नेमकं केव्हा यावं ते कळायचं नाही. आता गुरुजींना विचारून वेळा लिहितो. पूजा १०.३०, आरती १२.३०, तीर्थप्रसाद १ ते ७. ऑफिसवाले संध्याकाळी येतात.

प्रसादाला कुणाला ‘कळवा’ म्हणत नाही. शिरा सव्वाच्या मापाने होतो, रवा, तूप, साखर सगळं सव्वा, आणि तो वाटीभर नाही तर चमचाभर मिळाला तरी पुरतो. आकडा हवा असतो तो जेवणाला, कारण पुरणपोळ्या सांगाव्या लागतात. म्हणून जेवणाचं बोलावणं वेगळं, फोनवर, मोजक्या घरी.

कपड्यांचा मात्र आमच्याकडे एकदा घोळ झाला. संक्रांतीच्या दिवसांत सकाळी पूजा आणि संध्याकाळी हळदीकुंकू होतं. बहिणीने निरोपात ‘काळा पोशाख’ लिहिलं आणि सकाळच्या पूजेलाही चारपाचजण काळ्या कपड्यांत आले. आजीला ते चाललं नाही, पाहुण्यांनाही संकोच वाटला. एका दिवशी दोन्ही असेल तर ‘पूजेला काळं टाळा, संध्याकाळी काळं नेसा’ हे दोन वेगळ्या ओळींत लिहायला हवं.

बोरंवाली

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. लेकाचं बोरन्हाण आणि हळदीकुंकू एकत्र करायचं आहे. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बोरं, उसाचे करवे, चुरमुरे सगळं आणलंय. हलव्याचा मुकुट तो दोन मिनिटं तरी डोक्यावर ठेवेल का? आणि निरोपात मुलांना आणा असं लिहावं का?

ठाणेकरीण

मुलांना तर आणायलाच सांगा, खाली सांडलेलं वेचायला तीच हवीत. मुकुटाचं सांगता येत नाही. बोरन्हाणाची वेळ बाळाच्या झोपेवरून ठरवा. तो ४ ला उठत असेल तर “बोरन्हाण ४.४५ ला, मुलांना वेळेवर आणा, हळदीकुंकू त्यानंतर ८ पर्यंत” असं लिहा. अगदी लहान मुलांच्या आयांना बोरांच्या बियांचं आणि हलव्याच्या दाण्यांचं आधी सांगून ठेवा. तोंडात घालतात.

न्यू जर्सीहून

इथे हळदीकुंकू शनिवार-रविवारीच होतं आणि गाडी कुठे लावायची हे वेळेइतकंच महत्त्वाचं असतं. इथल्या लोकांना कळवायची सवय आहे, त्यामुळे आकडा मिळतो. पण मराठी मैत्रिणी ‘बघते, जमलं तर येते’ म्हणतात, तेव्हा मी ते येणारच असं धरते.

गेल्या वेळी मी निरोपात दोन ओळी घातल्या. एक, “सगळ्या पदार्थांत तीळ आणि शेंगदाणे आहेत, कुणाला चालत नसेल तर आधी सांगा.” इथे मुलांच्या शाळांमुळे सगळेच याबद्दल जागरूक आहेत. त्यावरून एका आईने मुलीची तिळाची अ‍ॅलर्जी कळवली, मग तिच्यासाठी साखरेच्या वड्या वेगळ्या केल्या आणि वेगळ्या खोलीत ठेवल्या. दुसरी ओळ अमराठी शेजारणींसाठी: कपाळाला हळदीकुंकू लावतात, हाताला अत्तर लावतात, एक छोटी भेट देतात, तुम्ही काही आणू नका. नाहीतर त्या केक घेऊन येतात आणि रिकाम्या हाताने आलेल्या बाकीच्या ओशाळतात. काळ्या रंगाचं मात्र कारण सांगावं लागतं. थंडीत काळं ऊब धरतं म्हटलं की पटतं, जानेवारीत इथे बर्फच असतो.

कोल्हापूरकर

वेळ-कपड्यांच्या आधी मला मायन्याबद्दल बोलायचं आहे. “सर्व सुवासिनींनी यावे” असं लिहिलेला निरोप गल्लीच्या ग्रुपवर येतो तेव्हा त्या ग्रुपमध्ये माझ्या थोरल्या जाऊबाईही असतात. दीर जाऊन काही वर्षं झाली. त्या निरोपाखाली अंगठा टाकतात आणि त्या दिवशी संध्याकाळी देवळात जाऊन बसतात. आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. मग आपल्या निरोपातला शब्द बदलायला काय हरकत आहे? मी “गल्लीतल्या सगळ्या बायका-मुलींना” असं लिहिते, आणि जाऊबाईंना निरोप पाठवत नाही, स्वतः जाऊन सांगते. ग्रुपवर ‘सगळ्या’ लिहिलं तरी ‘त्यात मी आहे का’ हा प्रश्न त्यांच्या मनात उरतोच. पहिल्या वर्षी त्या फक्त तिळगूळ घेऊन गेल्या. नंतरच्या वर्षी कुंकू लावून घेतलं आणि वाण द्यायला मदतीला थांबल्या.

डोंबिवलीची सून

आमच्या सासूबाई स्वतःच नको म्हणतात. आग्रह केला की त्यांना त्रास होतो. अशा वेळी बोलावणं करावं की त्यांच्यावर सोडावं?

कोल्हापूरकर

बोलावणं करावं, लावून घेण्याचा आग्रह करू नये. मी तरी असं करते.

पेठेतली काकू

मला हे पूर्ण पटत नाही. ज्यांनी सगळं आयुष्य एका रीतीत काढलं, त्यांना चारचौघींत तबक पुढे केलं की डोळ्यांत पाणी येतं, आणि ते आनंदाचंच असेल असं नाही. मी अशा मैत्रिणींना हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी चहाला बोलावते आणि वाण त्यांच्यासाठी राखून ठेवते. पण मायन्यातून सुवासिनी शब्द काढायचा, हे तुमचं मी घेतलं. पुढच्या निरोपात ‘मैत्रिणींनो’ असंच लिहीन.

कोल्हापूरकर

काकू, दुसऱ्या दिवशी वेगळं बोलावलं तरी वेगळंच झालं ना ते?

पेठेतली काकू

त्यांना विचारते. त्या म्हणतील तसं.

न्यू जर्सीहून

ठाणेकरीण, एक राहिलं. १०२ मध्ये उशिरा येणाऱ्यांसाठी पाच घरचं वाण ठेवलंत, त्यांना हळदीकुंकू कुणी लावलं? पाचहीजणी थांबल्या होत्या का?

ठाणेकरीण

पाचहीजणी १०२ मध्येच बसलो होतो, आपापला करंडा घेऊन. साडेआठच्या सुमाराला एक डॉक्टर शेजारीण दवाखान्यातून थेट आली, तिच्या कपाळाला पाचहीजणींनी हळदीकुंकू लावलं. अंदाज शुक्रवारीच आलेला असल्यामुळे तिच्यासाठी आणि तिच्या आईसाठी मिळून दहा वाणं बाजूला काढून ठेवली होती.