रायडरसाठी सामायिक डेटा: शेठ, पत्र देण्याआधी शेवटची ओळ बघा

पार्सलवाला_सातपूर
ऑपरेटरच्या कॉर्पोरेट विभागाला उद्या हे पत्र देतोय. नजर टाका.

"महोदय, आमच्या फर्मचे नाशिक शहरात 40 रायडर आहेत. प्रत्येकाला रोज 2 जीबीचा प्रीपेड रिचार्ज मारून देतो. काहींचा डेटा संध्याकाळीच संपतो, बाकीच्यांचा रात्री 12 ला वाया जातो. तरी 40 सिम एका बिलावर आणि सगळ्यांचा डेटा एकत्र, असा बल्क प्लॅन द्यावा. रायडर सोडून गेल्यास तेच सिम नव्या रायडरला देण्याची मुभा असावी."

जुना_कॉर्पोरेटवाला
राहवलं नाही म्हणून लांब लिहितोय. अशी कनेक्शनं विकण्यातच माझी सगळी नोकरी झाली आणि असली पत्रं बघून सेल्सवाला आधी चहा मागवतो, कारण गिऱ्हाईक स्वतःहून जाळ्यात आलेलं असतं.

समजा सिममागे 20 जीबी मिळाले, म्हणजे महिन्याचा 800 जीबीचा हौद. तुमचे 34 जण साधे धरू: मॅप, ॲप, व्हॉट्सॲप, महिन्याला 11 जीबी. झाले 374. उरलेले सहा रील्सवाले, 65 च्या घरात, म्हणजे 390. एकूण 764. जमलं असं वाटतं. आता साध्यांतले दोघं रील्सला लागले, की आकडा जातो 872 वर आणि हौद 27-28 तारखेला कोरडा. तेव्हा ते दोघंच नाही, चाळीसच्या चाळीस एकदम आडवे. आज ज्याचं संपतं तोच थांबतो आणि रात्री 12 ला परत सुरू होतो. सामायिक डेटात रात्री 12 ला काहीही होत नाही, नवा डेटा बिलाच्या तारखेलाच.

म्हणून नुसतं "डेटा एकत्र द्या" लिहू नका. प्रत्येक सिमला कमाल मर्यादा, ती तुम्हाला स्वतः बदलता यावी, 80 टक्के संपले की तुमच्या मोबाईलवर मेसेज, आणि संपल्यावर वेग कमी होणार की जादा जीबीचे पैसे लागणार, हे लेखी मागा. शेवटचं विचारलं नाही तर पहिलंच बिल शिकवेल.

खतावणी
एवढं घाबरवू नका हो. पोस्टपेडच्या बिलावर फर्मचा जीएसटी नंबर आला की 18 टक्के क्रेडिट परत. प्रीपेडमध्ये ते बुडतात. इथेच विषय संपला.

जुना_कॉर्पोरेटवाला
अर्धाच संपला. शेठ जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतील तर क्रेडिट शून्य. आणि प्रीपेडमध्ये बुडतात ते प्रीपेड आहे म्हणून नाही, सिम रायडरच्या नावावर आहेत म्हणून.

खतावणी
40 रायडरवाला कंपोझिशनमध्ये कशाला असेल? बरं, असेल. तुम्ही म्हणता तर असेल.

डिस्पॅच_ताई
मला एक कळत नाही, डेटा संपतो कशाने हे कुणी बघितलं का? आमच्याकडे अंबडचा एक मुलगा रोज संध्याकाळी फोन करायचा, "ताई, डिलिव्हरीचा फोटो चढत नाही." कोटा संपला की वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला 8 केबी. फोटो 3 एमबीचा. सव्वासहा मिनिटं! तोवर गिऱ्हाईक दार लावून आत गेलेलं. ॲपमध्ये फोटोचा आकार 300 केबीवर आणला, आता अर्ध्या-पाऊण मिनिटात जातो. मग त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनुसार डेटा बघितला. आमचं ॲप खाली कुठेतरी. वर व्हिडिओ, आणि त्यानंतर फोटोंचा बॅकअप, जो मोबाईल डेटावर चालू होता. प्लॅन बदलायच्या आधी चाळीस फोन तपासा.

गोदाकाठचा_बंड्या
28 दिवसांचा महिना करून वर्षाला 13 रिचार्ज काढतात त्याचं काय? त्याबद्दल पत्र लिहा आधी! आणि सिंहस्थात पंचवटीत फोन लागणार का, ते विचारा.

जुना_कॉर्पोरेटवाला
पोस्टपेडला महिना महिन्याचाच असतो. सिंहस्थाचं मात्र बरं काढलंत. टॉवरवर गर्दी झाली की सामायिक डेटाचा काडीचा उपयोग नाही. 800 जीबी शिल्लक असले तरी मॅप फिरतच राहणार. त्या भागातला मॅप फोनमध्ये आधी उतरवून ठेवा.

दुचाकी_15
मी रायडर आहे. सगळे जीबी मोजताय, शेवटच्या ओळीवर कुणी बोलत नाही. "तेच सिम नव्या रायडरला." आधीच्या फर्मने मला असंच सिम दिलं होतं. दुसरं सिम परवडत नव्हतं, म्हणून बँक, गॅस, पोरीची शाळा सगळं त्याच नंबरवर. काम सोडलं, तिसऱ्या दिवशी सिम बंद. पोर्ट टाकलं होतं, ते परत आलं, कारण नंबर फर्मच्या नावावर आणि फर्मचं पत्र पाहिजे. पत्र मागायला गेलो तर शेठ बाहेरगावी. बँकेचा ओटीपी कुणाकडे जात होता, देवाला ठाऊक.

पार्सलवाला_सातपूर
भाऊ, पैसे मी भरणार, तर सिम माझं. माझे दोन जण सिम घेऊन गेले. गिऱ्हाईक आजही त्यांनाच फोन करतं, पार्सल परस्पर तेच पोचवतात. ते नुकसान कोण भरून देणार, तुमची युनियन?

दुचाकी_15
युनियन असती तर इथे लिहीत बसलो असतो का? गिऱ्हाईकाला रायडरचा नंबर दिसू देऊ नका. मोठ्या ॲपवाल्यांचे कॉल मधल्या नंबरवरून जातात, तसं करा. आमचा नंबर ओलीस कशाला?

पार्सलवाला_सातपूर
मोठ्यांकडे पैसा आहे. मी सातपूरला गाळ्यात बसतो.

जुना_कॉर्पोरेटवाला
भांडा, पण ती ओळ तशीही चालणार नाही. 2023 मध्ये दूरसंचार विभागाने जुनी बल्क पद्धत बंद करून व्यावसायिक कनेक्शन आणलं. फर्मचं केवायसी वेगळं आणि सिम वापरणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं. सिम खिशातून काढून दुसऱ्याला दिलं आणि नव्याचं केवायसी केलं नाही, तर उद्या त्या नंबरवरून भानगड झाली की पोलीस जुन्या पोराच्या दारात.

खतावणी
म्हणजे दर रायडरमागे कागद. तुमच्याकडे तर महिन्याला चार-पाच बदलतात.

डिस्पॅच_ताई
म्हणूनच फर्मचं सिम दुसऱ्या खाचेत ठेवावं. ॲप आणि गिऱ्हाईक त्यावर, घरचं सगळं स्वतःच्या सिमवर. जाताना सिम परत, कुणाचं काही अडत नाही.

दुचाकी_15
ताई, स्वतःच्या सिमचा रिचार्ज कोण मारणार? आज शेठ मारतात, पत्र मंजूर झालं की तो माझ्या खिशातून.

पार्सलवाला_सातपूर
ठीक आहे. जुने साहेब, मर्यादा, मेसेज आणि जादा डेटाचा दर, तिन्ही घातलं. रायडर वाढला-घटला तर अर्ध्या महिन्याचं भाडं कसं, तेही विचारलंय. शेवटची ओळ बदलली: "रायडर सोडून गेल्यास नव्याचं केवायसी करून सिम द्यावं. जुन्याला नंबर हवा असल्यास, थकबाकी नसेल तर फर्म ना-हरकत पत्र देईल." आता समाधान?

दुचाकी_15
थकबाकी म्हणजे बॅग, जॅकेट आणि हरवलेल्या पार्सलचे पैसे ना? ते कोण ठरवणार?

पार्सलवाला_सातपूर
फर्म ठरवणार. अजून कोण?

दुचाकी_15
मग पत्र देऊन टाका शेठ. मी माझ्या नंबरवर स्वतःच रिचार्ज मारतो.