इंट्राडेचा लॉस दुसऱ्या कशातूनच वजा होत नाही, हा नियम बरोबर आहे का?

चोपडेकर
मी जळगाव एमआयडीसीत नोकरीला आहे. गेल्या आर्थिक वर्षात इंट्राडेत, म्हणजे त्याच दिवशी शेअर घेऊन विकण्यात, १,६१,००० गेले, एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनमध्ये ९५,००० सुटले, आणि डिलिव्हरीचे शेअर विकून ६२,००० नफा झाला, ते शेअर वर्षाच्या आतलेच होते. आता रिटर्न भरणारा म्हणतो इंट्राडेचा लॉस पगारातून नाही, एफ अँड ओ मधून नाही, शेअरच्या नफ्यातूनही वजा होणार नाही, नफ्यांवर मात्र टॅक्स भरा. पैसे एकाच खात्यातून गेले ना भो? मग लॉस वेगळ्या कप्प्यात का? मले तर हा सरळ अन्याय वाटतो.

धुळे_ट्रेडर
तुमचा रिटर्नवाला चुकतोय. इंट्राडे पण बिझनेस आणि एफ अँड ओ पण बिझनेस, एका धंद्याचा लॉस दुसऱ्या धंद्याच्या नफ्यातून वजा होतो हा साधा नियम आहे. पगारातून होत नाही हे बरोबर. पण ते ९५,००० तुम्ही नक्की शून्य करू शकता, मी मागच्या वर्षी हेच केलं आणि काही नोटीस आली नाही.

भुसावळची_ताई
दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे पण उरलेल्या अर्ध्यावर चोपडेकर अडकतील. मागच्या वर्षी तुम्हाला लॉस कशात होता, एफ अँड ओ मध्ये ना? तो इंट्राडेच्या नफ्यातून वजा होतो, कारण एफ अँड ओ चा तोटा साध्या धंद्याचा धरतात आणि साध्या धंद्याचा तोटा कुठल्याही धंद्याच्या नफ्यात जातो, सट्ट्याच्या सुद्धा. उलटं मात्र होत नाही. इंट्राडे सट्ट्यात धरतात, आणि सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्या नफ्यातूनच.

आता सट्टा कशाला म्हणायचं, इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. किती वेळ शेअर ठेवला, किती रिस्क घेतली, मनात काय होतं, यातलं काहीही कायदा बघत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४३(५) एकच बघतं, सौदा शेवटी खऱ्या डिलिव्हरीने मिटला की नुसत्या फरकाने. चोपडेकर, तुमची एखादी कॉन्ट्रॅक्ट नोट काढा. समजा सकाळी ९:४२ ला ३०० शेअर ४१२ ने घेतले आणि दुपारी २:५० ला ४०५ ने विकले, तर २,१०० गेले. ते ३०० शेअर तुमच्या डीमॅटला कधी आलेच नाहीत, फक्त २,१०० चा फरक तुमच्या लेजरला पडला, म्हणून तो सट्टा. तेच शेअर तुम्ही ठेवून घेतले असते आणि आठवड्याने त्याच ४०५ ला विकले असते तर तेच २,१०० अल्प मुदतीचा भांडवली तोटा झाले असते आणि तुमच्या ६२,००० मधून सरळ वजा झाले असते, उरले असते तर पुढे ८ वर्षं नेता आले असते. रक्कम एकच, पण मधे शेअर आपल्या नावावर आला की नाही यावर कप्पा ठरतो.

चोपडेकर
ताई धन्यवाद, पण यात तर अजूनच राग येतो. एफ अँड ओ मध्ये तरी कुठे डिलिव्हरी असते? निफ्टीच्या ऑप्शनमध्ये कोण काय डीमॅटला घेतं?

साक्रीकर
हेच म्हणतो मी. निफ्टीचा ऑप्शन घेऊन पाच मिनिटांत विकला तरी तो सट्टा नाही आणि टाटा कंपनीचा शेअर सकाळी घेऊन दुपारी विकला की सट्टा. एफ अँड ओ आधी सट्ट्यातच होतं, २००५ च्या बजेटने मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचे डेरिव्हेटिव्ह, म्हणजे हेच फ्युचर्स-ऑप्शन, बाहेर काढले, निर्धारण वर्ष २००६-०७ पासून. आणि त्याच वेळी सट्ट्याचा तोटा पुढे न्यायची मुदत ८ वर्षांवरून ४ वर आणली. म्हणजे मोठ्यांच्या खेळाला सवलत दिली आणि शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्याची मुदत अर्धी केली. दोन्ही एक्स्चेंजवर होतं, दोन्हीत पॅन आहे, दोन्हीत सौद्यावरचा टॅक्स एसटीटी कापला जातो. फरक काय राहिला? मला हा नियम आजच्या काळात अजिबात पटत नाही.

कपाशीवाला_पारोळा
मी जुना माणूस आहे, आमच्या घरात तीन पिढ्या कापसाचा धंदा, म्हणून यावर लिहितो. या नियमाचा जन्म शेअरमुळे झाला नाही, वायद्यामुळे झाला. पूर्वी रुईच्या गाठींचे वायदे व्हायचे, गाठ कोणी डोळ्याने पाहायचा नाही, मुदतीला भावाचा फरक द्यायचा घ्यायचा की सौदा संपला. आता ज्याची जिनिंग जोरात चालली त्याला मार्चमध्ये टॅक्सचा धाक. तो दलालाकडे जायचा, दलाल जुन्या तारखेचे दोन सौदे लिहून द्यायचा, एक चढ्या भावाने खरेदी आणि एक पडत्या भावाने विक्री. कागदावर तोटा तयार. चेकने फरक द्यायचा आणि दलालाचं कमिशन कापून तेवढेच पैसे मागच्या दाराने परत. याला लोक तोटा विकत घेणं म्हणायचे. माल हलायचा नाही, त्यामुळे गाडी नाही, काट्याची पावती नाही, गोडाऊनचा रजिस्टर नाही, सौदा खोटा आहे हे अधिकारी सिद्ध कसं करणार? म्हणून १९५३ मध्ये तेव्हाच्या १९२२ च्या कायद्यात अट घातली की फरकाच्या सौद्याचा तोटा फरकाच्या सौद्याच्या नफ्यातूनच. खरा खोटा शोधत बसायचंच नाही, कप्पाच वेगळा. १९६१ च्या कायद्यात तेच कलम ७३ झालं. माझ्या मते तो नियम शहाणपणाचा होता, आजही आहे. ज्याला खरंच तोटा झाला त्याच्यावर थोडा जुलूम होतो हे मी मान्य करतो.

साक्रीकर
काका, तुमचं कारण तेव्हाचं होतं. आज मागच्या तारखेचा सौदा एक्स्चेंजवर टाकून दाखवा. ऑर्डरची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते, समोरचा कोण ते आपल्याला माहीतही नसतं.

भुसावळची_ताई
साक्रीकर भाऊ, मागची तारीख टाकता येत नाही हे खरं, पण तोटा बनवता येत नाही असं नाही. बीएसईवर एप्रिल २०१४ ते सप्टेंबर २०१५ मध्ये ज्या स्टॉक ऑप्शनमध्ये कोणी ट्रेडच करत नव्हतं तिथे दोन पार्ट्या ठरवून एकमेकांशी सौदा करायच्या आणि थोड्या वेळात उलटा करायच्या, एकीकडे तोटा एकीकडे नफा. सेबीने १४,७२० जणांची नावं काढली. सगळं स्क्रीनवर, सगळं पॅनसकट. आणि लक्षात घ्या की ते डेरिव्हेटिव्ह होते, म्हणजे सट्ट्याच्या कप्प्याबाहेरचे. कप्पा उघडला की काय होतं याचा हा नमुना आहे, म्हणून मी काकांच्या बाजूची आहे.

साक्रीकर
मग याच उदाहरणातून माझाही मुद्दा सिद्ध होतो ताई. त्यांना पकडलंच ना सेबीने? पकडता येतं म्हणजे सरसकट सगळ्यांना कप्प्यात कोंडायची गरज उरत नाही. रोज लाखो शेअर फिरणाऱ्या कंपनीत मी इंट्राडे केलं तर तिथे ठरवून तोटा कोणाशी करणार मी? निदान एफ अँड ओ च्या नफ्यातून तरी वजा होऊ द्या, पगाराचं मी म्हणतच नाही.

भुसावळची_ताई
एवढी मागणी मला रास्त वाटते. कायद्यात मात्र आज ती सोय नाही.

अमळनेरकर
माझी केस वेगळी आहे, इथेच विचारतो. आमच्याकडे वडिलांच्या वेळचे विप्रोचे शेअर आहेत, आमच्या गावात बऱ्याच घरात आहेत तसे. एक दिवस भाव वर दिसला म्हणून सकाळी ४०० विकले, दुपारी पडल्यावर मन राहवलं नाही म्हणून ४०० परत घेतले, शेअरमागे ५ रुपये सुटले. आता हा दीर्घ मुदतीचा नफा धरून जुन्या खरेदीचा भाव शोधत बसलोय, मिळत नाही. ऑर्डर तर डिलिव्हरीचीच टाकली होती.

भुसावळची_ताई
काका, शोधू नका. ऑर्डर टाकताना कोणतं बटण दाबलं त्याने काही ठरत नाही. एकाच दिवशी तेच ४०० विकले आणि तेच ४०० घेतले, दिवसाअखेर देणं घेणं शून्य, तुमच्या डीमॅटमधून एकही शेअर हलला नाही. म्हणजे ते २,००० इंट्राडेचे, सट्ट्याचा नफा. वडिलांच्या वेळचे शेअर जुन्या तारखेसकट जागेवरच आहेत. स्टेटमेंटमध्ये त्या दिवशी डेबिट दिसतं का ते बघा, नसेल तर नक्की. परत खरेदी दुसऱ्या दिवशी केली असती तर मात्र जुने शेअर खरंच विकले गेले असते आणि तो जुना भाव शोधावाच लागला असता.

चोपडेकर, तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. तुम्ही १,६१,००० लिहिलंत तो नुसता भावातला फरक आहे की खर्च धरून?

चोपडेकर
नुसता फरक. ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी मिळून अजून २३,००० आहेत, ते मी सोडूनच दिले होते.

भुसावळची_ताई
सोडू नका, इंट्राडे धंदा धरला जातो म्हणून तो खर्च त्यातच बसतो, एसटीटी सकट. म्हणजे तुमचा सट्ट्याचा तोटा १,८४,०००. आयटीआर-३ मध्ये सट्ट्याच्या धंद्याच्या जागी तो वेगळा दाखवायचा. पुष्कळ जण आयटीआर-२ भरतात आणि इंट्राडे अल्प मुदतीच्या नफ्यातोट्यात मिसळून टाकतात, तिथे ६२,००० शून्य झालेले दिसतात म्हणून खूश होतात, पण तो दावा चुकीचा आहे आणि पुढे नेता येणारा तोटाही हातचा जातो. आणि रिटर्न मूळ मुदतीतच गेलं पाहिजे, एक दिवस उशीर झाला तरी हा तोटा पुढे जात नाही. भरून झाल्यावर पुढे ओढलेल्या तोट्याचं शेड्यूल उघडून बघा, सट्ट्याच्या रकान्यात १,८४,००० दिसले तरच समजा काम झालं. पुढच्या वर्षी इंट्राडेत ७०,००० सुटले तर त्यावर टॅक्स शून्य आणि १,१४,००० शिल्लक, ते अजून तीन वर्षं.

धुळे_ट्रेडर
ताई बरोबर आहे, मी काल जुनं रिटर्न उघडलं, माझा लॉस एफ अँड ओ चाच होता. चोपडेकर भाऊ माझं ऐकू नका. पण एक विचारतो, बीटीएसटी कुठे धरायचं? सोमवारी घेतला, मंगळवारी बाजार उघडताच विकला, तोपर्यंत शेअर डीमॅटला आलेला नसतो.

भुसावळची_ताई
मी डिलिव्हरी धरते, कारण दोन वेगळ्या दिवसांचे सौदे आहेत, सोमवारची खरेदी आणि मंगळवारची विक्री आपापली वेगळी मिटते, दिवसाअखेर नेट शून्य होत नाही.

कपाशीवाला_पारोळा
आमचे सीए सट्टा धरतात. त्यांचं म्हणणं विकताना तुझ्या नावावर काही नव्हतंच, मग तू विकलंस काय? गाठ गोडाऊनला यायच्या आधी विकल्यासारखं. मला त्यांचं पटतं.

भुसावळची_ताई
पण काका, गाठ शेवटी गोडाऊनला येते आणि तिथून पुढे जाते, कोणी फरक देऊन मिटवत नाही.

चोपडेकर
माझे यात ११ बीटीएसटी आहेत, लॉस १८,४००. ताईंच्या हिशेबाने ते ६२,००० मधून जातील, काकांच्या सीएंच्या हिशेबाने १,८४,००० मध्ये मिळवायचे. रिटर्नवाल्याला उद्या कॉन्ट्रॅक्ट नोटा घेऊन भेटतो, तो काय धरतो ते लिहितो इथे.