मदत हवी आहे: आजीच्या डायरीच्या फोटोखाली काय लिहू?

मंडळी, आजीच्या १९७२ च्या डायरीतल्या एका पानाचा फोटो टाकायचाय. दुष्काळाचं वर्ष. वर तारीख, मग ज्वारी, रॉकेल, गूळ असा हिशेब आणि सगळ्यात खाली एक ओळ, तिनेच शाईने गिरवून खोडलेली. तिरप्या उजेडात निबचा दाब उठून येतो आणि खोडलेलंही वाचता येतं, म्हणून फोटो मुद्दाम सपाट उजेडात काढलाय. ती ओळ काय होती ते मला माहीत आहे, पण ते तिचंच राहू दे.

अडलंय कॅप्शनवर. ‘आठवणींचा खजिना’ छापाचं नको, ते कुठल्याही वहीखाली खपतं. ‘इथे काय लिहिलं असेल?’ असं विचारलं तर तपासच सुरू होईल, आत्या तर लगेच फोन करेल! सध्या हे सुचलंय: ‘ज्वारीचा हिशेब लागला. खालच्या ओळीचा नाही.’ गुपित राहतं, पण शेवटचा ‘नाही’ जरा नाटकी वाटतो. त्यापेक्षा ‘ज्वारी, रॉकेल, गूळ. आणि एक ओळ.’ हे बरं का? की ‘एक ओळ’ म्हटल्यावर सगळे तिथेच बोट ठेवतील? भावनेचं नाव न घेता, सात-आठ शब्दांत काही सुचतंय का कुणाला?