मदत हवी आहे: पहाटे गाडी चोकवर सुरू होते, चोक सोडला की बंद पडते

धरणगावचा
लवकर सांगा, उद्या पहाटे पाचला परत निघायचंय. थंडी पडल्यापासून गाडी चोक ओढल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि चोक सोडला की लगेच बंद. आठ-दहा मिनिटं चोकवरच चालू ठेवावी लागते. शिवाय एरंडोल रस्त्याला वळणावर मागचं चाक सटकतं. प्लग नवा टाकला, फरक नाही. आता काय बदलू?

नाना_पारोळा
भाऊ, गाडी कोनती शे ते सांग ना पहिले. कोणतीही असो, किक मारायच्या आधी अ‍ॅक्सिलेटर तीन-चार वेळा पूर्ण पिळ. पेट्रोल आत उतरतं, मग एका किकला सुरू होते.

धुळे४४
थंडीत चावी लावल्या लावल्या स्टार्टर दाबू नका. आधी पंपाचा आवाज येऊन थांबू द्या, मगच दाबा. आणि बॅटरी तपासा. माझ्या गाडीला तेवढं केलं की पुरतं.

कार्बोवाला
धुळे४४, तुमची इंजेक्शनची गाडी आहे, तिला चोक नसतोच. इथे चोक आहे म्हणजे कार्बोरेटर आहे.

नाना, शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या कार्बोरेटरला पिचकारी मारणारा पंप नसतो. इंजिन बंद असताना अ‍ॅक्सिलेटर पिळला तर फक्त आतला पिस्टन वर-खाली होतो, पेट्रोलचा थेंबही पुढे जात नाही. उलट चोक ओढलेला असताना अ‍ॅक्सिलेटर उघडला की ओढ कमी होते आणि चोकचा उपयोग जातो. पहाटे चोक पूर्ण ओढायचा, अ‍ॅक्सिलेटरला हात लावायचा नाही, किक मारायची. पाच-सहा किकांत नाही लागली तर मात्र पेट्रोल जास्त झालं असं समजा. मग चोक बंद, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण उघडा, चावी बंद ठेवून सात-आठ किका मारा आणि पुन्हा प्रयत्न करा.

धरणगावचा, तीन गोष्टी सांगा. गाडी किती सीसीची आणि कोणत्या सालची? दुपारी गरम इंजिनावर चोक न ओढता नीट चालते का? जुना प्लग कोणत्या रंगाचा निघाला?

धरणगावचा
१०० सीसी, २०१६. दुपारी चालते, पण सिग्नलला थांबलो की कधी कधी बंद पडते. प्लग काळा होता, कोरडी काजळी.

नाना_पारोळा
मग झालं. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर स्क्रू अर्धा आटा बाहेर काढ, हवा वाढेल.

कार्बोवाला
थांबा, स्क्रूला हात लावू नका. काळ्या प्लगचा अर्थ नाना बरोबर सांगताहेत, पण रोज दहा मिनिटं चोकवर चालणाऱ्या गाडीचा प्लग काळा निघणारच. ती काजळी चोकची आहे. खरं मिश्रण कळायला वेगळी परीक्षा करा.

दुपारी पाच-सहा किलोमीटर चालवून या, गाडी स्लोवर सोडा आणि चोक अगदी थोडा, पाव भाग ओढा. इंजिन घुटमळून बंद पडायला लागलं तर मिश्रण आधीच पुरेसं आहे. आवाज सुधारला, स्लो वाढला, तर पेट्रोल कमी पडतंय.

धरणगावचा
आत्ताच करून आलो. स्लो वाढला, आवाज भरदार झाला. म्हणजे काय?

कार्बोवाला
म्हणजे बहुतेक स्लो जेट तुंबलाय. बंद पडण्याचं कारण असं: चोक हवेचा रस्ता अडवतो, त्यामुळे ओढ वाढते आणि मोठ्या जेटमधूनही पेट्रोल खेचलं जातं. चोक सोडला की स्लोवर सगळा भार छोट्या जेटवर येतो. दुपारच्या उन्हात निम्मा तुंबलेला जेटही कसाबसा भागवतो. पहाटे ८-१० अंशांना पेट्रोलची वाफ नीट होत नाही, थेंब पाइपाच्या भिंतीला चिकटतात, आणि तेच पेट्रोल अपुरं पडतं. दोष थंडीच्या आधीपासून असणार, थंडीने तो उघडा पाडला.

पेट्रोल कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या वाटीखाली निथरा स्क्रू असतो, तो सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. तळाशी पाण्याचा वेगळा थर किंवा गाळ दिसतो का बघा. मग वाटी काढा, मापाच्या चपट्या पेचकसाने छोटा जेट सोडवा आणि उजेडाकडे धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. कार्बोरेटर क्लीनर मारून हवेने फुंका. पोलादी तार घालू नका, भोक मोठं झालं तर जेट गेला. फारच अडला तर तांब्याच्या वायरची एकच बारीक काडी चालते. हे सगळं मोकळ्या जागी, थंड इंजिनावर.

यावल_केळी
पाणी निघालं तर इथेनॉलचं पेट्रोल कारण समजा. नव्या पेट्रोलने जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांची वाट लावली. बाकी थंडीने आमच्या केळीवर चरका आलाय, बागेत धूर करून कुणाला फायदा झालाय का?

कार्बोवाला
केळीचं इथे नको, वेगळा धागा काढा. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं आणि थंडीत वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, एवढं खरं. पण त्याच पेट्रोलवर चालणारी प्रत्येक गाडी चोक सोडल्यावर बंद पडत नाही. आधी जेट.

यावल_केळी
जेट तुंबला कशाने, तेही बघा की. टाकीत पाणी साचतं तेच गंज खाली पाठवतं. मी माझं मत बदलत नाही.

सातपुडा_रायडर
चाकाचं कुणीच बोललं नाही. मागे वजन किती असतं, हवा किती आणि कधी भरता?

धरणगावचा
दुधाचे दोन कॅन, वीस-वीस लिटरचे. हवा २८. ग्रिप यावी म्हणून गेल्या आठवड्यात पंक्चरवाल्याच्या सांगण्यावरून थोडी कमी केली. भरतो दुपारी.

सातपुडा_रायडर
हे आधीच सांगायला हवं होतं. दुपारी ३० अंशांना २८ भरलेली हवा पहाटे १० अंशांना साधारण २५ दाखवते. त्यातून तुम्ही आणखी काढली, वर चाळीस किलोहून जास्त वजन. टायरच्या बाजू दबतात आणि वळणावर गाडी मागून डोलते. तुम्हाला ती घसरल्यासारखी वाटते. हवा पहाटे, गाडी हलायच्या आधी मोजा आणि मागच्या चाकात पुस्तकात दिलेला डबलसीटचा आकडा ठेवा. थंड रबर कडक असतं, त्यामुळे पहिले तीन-चार किलोमीटर वाकवून वळण घेऊ नका, ब्रेक सरळ असतानाच लावा. ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेल्या मातीवर दव पडलं की कोणताच टायर धरत नाही. आणि मधल्या खाचा किती उरल्यात? टायर गोटा झाला असेल तर हवेने काही होणार नाही.

नाना_पारोळा
काही असो, दहा मिनिटं उभी तापवणं चांगलंच. इंजिनाला तेल पोचतं.

कार्बोवाला
नाना, तेल काही सेकंदांत वर पोचतं. चोकवर उभी ठेवली तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं आणि खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या कांडीला पेट्रोलचा वास येतो का, ते धरणगावकरांनी बघावंच, येत असेल तर ऑइल बदला. नीट गाडीला पहाटे अर्धा-एक मिनिट पुरे. मग चोक निम्मा करून हळू निघायचं, अर्ध्या किलोमीटरवर पूर्ण बंद, आणि पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिन ओरडवायचं नाही.

धरणगावचा
जेट काढला. उजेडच दिसत नव्हता. बाटलीच्या तळाला पाण्याचा थर आणि तांबूस गाळ. साफ करून आज पहाटे लावली, दुसऱ्या किकला सुरू, पाऊण मिनिटात चोक बंद केला, चालू राहिली. हवा पण भरली. ऑइलला वास येतोय. पण स्लोवर मधूनच एखादा ठोका चुकतो.

यावल_केळी
पाणी निघालं ना? टाकी उघडा.

कार्बोवाला
टाकी धुवाच, नाहीतर महिन्यात जेट परत तुंबेल, यावलकरांचं इथे बरोबर आहे. ऑइल आजच बदला. चुकणाऱ्या ठोक्यासाठी कार्बोरेटर आणि हेडच्या मधला जोड बघा. स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचे चार थेंब सोडा. आवाज बदलला तर तिथून हवा खेचतेय, ओ-रिंग बदला. नाही बदलला तर टॅपेट तपासू. स्क्रू कुठल्या बाजूला आहे, फिल्टरच्या की इंजिनच्या, तेही सांगा. दोन्हींचं फिरवणं उलट असतं.