मदत हवी आहे: पीआयडीमध्ये डी टर्म लावली की हीटरचं आउटपुट नाचतं

छोट्या ओव्हनचं टेंपरेचर MAX6675 ने दर 250 मिलिसेकंदांनी वाचतोय, Kp 4, Kd 20, डेरिव्हेटिव्ह रीडिंगवरच घेतलाय त्यामुळे सेटपॉइंट बदलल्यावर झटका बसत नाही, पण सेन्सरची सगळ्यात छोटी पायरीच 0.25 अंशाची, ती एकदा हलली की कोडला वाटतं सेकंदाला 1 अंश वेगाने तापतंय आणि आउटपुट सरळ 20 टक्क्यांनी उडतं, ओव्हन मात्र जेमतेम 0.1 अंशाने चढतोय.

मग फक्त डी टर्मला लो पास फिल्टर लावला:

```
d += 0.25/(Tf+0.25)*(raw-d);
```

Tf 0.5 सेकंद ठेवल्यावर उडी 7 टक्क्यांवर आली, 1 सेकंदाला 5 च्या आत येईल, पण Td = Kd/Kp म्हणजे 5 सेकंदच आहे, त्यामुळे Tf अजून वाढवला तर डी उशिरा जागा होऊन ओव्हरशूट परत येईल अशी धास्ती वाटते. Tf कुठपर्यंत ताणू, की सॅम्पलिंगच 1 सेकंदाचं करू? कोणी करून बघितलंय का?